चौथ्या डॉक्टरचा स्कार्फ आणि पोशाख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नेमके कोणत्या पात्राविषयी आहे?

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेतील चौथ्या डॉक्टरविषयी. मालिका 1963 मध्ये सुरू झाली आणि 1974 ते 1981 या काळात, सलग सात पर्वे, टॉम बेकर यांनी ही भूमिका केली. डॉक्टर हे पात्र मरणाच्या दारात पोहोचले की नवा देह धारण करते, त्यामुळे नट बदलला तरी पात्र तेच राहते आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला स्वतःचा पोशाख मिळतो. चौथ्या डॉक्टरची ओळख म्हणजे तपकिरी फेल्टची रुंद काठाची हॅट, कुरळे केस आणि पायांपर्यंत लोंबणारा रंगीबेरंगी पट्ट्यांचा स्कार्फ. ‘या प्रसंगात हा स्कार्फ कोणी घातला आहे’ आणि ‘हा फोटो कोणत्या कथेतला’ हे दोन प्रश्न सर्वांत जास्त येतात, म्हणून येथील बहुतेक उत्तरे स्कार्फभोवती फिरतात. पर्वांचे क्रमांक मालिकेच्या आरंभापासून मोजलेले आहेत. बेकर यांचे पहिले पर्व बारावे आणि शेवटचे अठरावे.

स्कार्फ इतका लांब कसा झाला?

‘रोबोट’ या पहिल्या कथेचे वेशभूषाकार जेम्स ॲचेसन होते. तूलूझ-लोत्रेक या फ्रेंच चित्रकाराने आरिस्तिद ब्र्युआँ या गायकाची जी भित्तिपत्रके काढली, त्यांत काळा झगा, रुंद काठाची हॅट आणि गळ्यात लाल स्कार्फ असा वेश आहे, आणि चौथ्या डॉक्टरच्या पोशाखाचे मूळ तेथे सांगितले जाते. ॲचेसन यांनी वेगवेगळ्या रंगांची लोकर आणून बेगोनिया पोप या विणकाम करणाऱ्या बाईंकडे दिली. लोकर गरजेपेक्षा बरीच जास्त होती आणि किती वापरायची हे ठरले नव्हते, म्हणून त्यांनी दिलेली सगळी लोकर विणून टाकली. तो भलामोठा स्कार्फ तसाच वापरावा ही सूचना बेकर यांची. वावरताना अडचण होऊ नये म्हणून तो थोडा आखूड करण्यात आला, पण मूळ कल्पना कायम राहिली.

कथेत मात्र वेगळा उगम सांगितला आहे. ‘द आर्क इन स्पेस’मध्ये डॉक्टर म्हणतो की हा स्कार्फ नॉस्ट्रडॅमसच्या पत्नीने विणून दिला. प्रश्न विचारताना पडद्यावरचे उत्तर हवे की पडद्यामागचे, हे स्पष्ट केल्यास घोळ होत नाही.

डॉक्टरने हा पोशाख पहिल्यांदा कोणत्या प्रसंगात घातला?

‘रोबोट’च्या पहिल्या भागात, जो 28 डिसेंबर 1974 रोजी प्रक्षेपित झाला. नुकताच नवा देह मिळालेला डॉक्टर आपल्या टार्डिस या यानात शिरून कपडे बदलतो आणि पुन्हा पुन्हा बाहेर येतो. प्रथम तो व्हायकिंग योद्ध्याच्या वेशात येतो, नंतर पत्त्यांतील बदामाच्या राजाच्या, त्यानंतर पिएरो या पांढऱ्या विदूषकाच्या. ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्ट तिन्ही नाकारतात, कारण लोकांच्या नजरेत न भरणारा वेश त्यांना हवा असतो. चौथ्यांदा तो मरून कॉर्डुरॉय जाकीट, हॅट आणि स्कार्फ अशा वेशात येतो आणि तो मान्य होतो. या चारही वेशांचे फोटो निरनिराळ्या कथांच्या नावाने फिरतात. व्हायकिंग आणि विदूषक दिसला की तो हाच प्रसंग समजावा.

एकाच पर्वातील लागोपाठच्या कथांत स्कार्फ कधी नवा, कधी जुना वाटतो. असे का?

बहुतेक चुकीच्या उत्तरांचे मूळ या एका गोष्टीत असते. आपण कथा प्रक्षेपणाच्या क्रमाने पाहतो, पण कपडे झिजतात, धुतले जातात आणि दुरुस्त होतात ते चित्रीकरणाच्या क्रमाने, आणि हे दोन क्रम जुळत नाहीत.

बारावे पर्व घ्या. प्रेक्षकांनी ‘रोबोट’, ‘द आर्क इन स्पेस’, ‘द सोन्टारन एक्सपेरिमेंट’, ‘जेनेसिस ऑफ द डॅलेक्स’ आणि ‘रिव्हेंज ऑफ द सायबरमेन’ असा क्रम पाहिला. चित्रीकरणात ‘रोबोट’नंतर थेट ‘सोन्टारन एक्सपेरिमेंट’ झाले, तेही 1974 च्या सप्टेंबरअखेरीस डार्टमूरच्या उघड्या माळरानावर, आणि त्यानंतर ‘आर्क इन स्पेस’ स्टुडिओत. ‘सायबरमेन’ वर्ष संपण्यापूर्वी झाले आणि ‘जेनेसिस’ 1975 च्या आरंभी. म्हणजे ‘आर्क’ची अखेर पाहताना आपल्याला वाटते की पुढच्या क्षणी ही मंडळी पृथ्वीवर उतरली; प्रत्यक्षात ते उतरणे महिनाभर आधीच चित्रित झाले होते. डार्टमूरच्या वाऱ्यापावसातून आलेला स्कार्फ त्यानंतर स्टुडिओत आला. कोणत्याही पर्वातील स्कार्फची अवस्था तपासायची असेल तर आधी त्या पर्वाचा चित्रीकरणक्रम लिहून काढावा आणि मगच फोटो त्या क्रमाने लावावेत.

सतराव्या पर्वातही तसेच आहे. लाला वॉर्ड यांनी डॉक्टरची सहप्रवासी रोमाना म्हणून सर्वप्रथम चित्रित केलेली कथा ‘द क्रीचर फ्रॉम द पिट’, पण ती त्या पर्वात तिसरी दाखवली गेली. तिच्या पोशाखांची वाटचाल प्रक्षेपणाच्या क्रमाने मांडणारे लेख त्यामुळे पहिल्याच पायरीवर चुकतात.

स्कार्फ एकच होता का? फोटोवरून तो कोणता हे कसे ओळखावे?

एकच नव्हता. मूळ स्कार्फची जोडप्रत करण्यात आली, आणि पुढच्या पर्वांत तुकडे काढून किंवा जोडून लांबी बदलत गेली. सोळाव्या आणि सतराव्या पर्वांत तो सर्वांत लांब दिसतो.

ओळखण्याची भरवशाची खूण म्हणजे पट्ट्यांचा क्रम. पहिल्या स्कार्फमध्ये सात रंग आहेत: जांभळा, उंटाच्या लोकरीचा फिकट तपकिरी, ब्राँझसारखा गडद तपकिरी, मोहरीचा पिवळा, गंजासारखा तांबूस, करडा आणि हिरवट तपकिरी. पट्ट्यांची रुंदी एकसारखी नाही. कोठे दोन-चार ओळींची बारीक रेघ, तर कोठे वीतभर पट्टा. रंग आणि रुंदी यांची ही मालिका पुन्हा पुन्हा येत नाही, म्हणून फोटोत सलग पाच-सहा पट्टे स्पष्ट दिसले तर स्कार्फचा तो भाग कोणता हे सांगता येते. जेथे तुकडा कापला किंवा जोडला आहे तेथे अपेक्षित पट्ट्यानंतर भलताच पट्टा येतो, आणि त्या सांध्यावरून पर्व ठरते.

दुसरी खूण विणीत आहे. स्कार्फच्या सगळ्या ओळी सुलट टाक्यांनी विणलेल्या आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंना सारख्याच आडव्या कण्या उठतात. पण रंग जेथे बदलतो तेथे एका बाजूला स्वच्छ रेघ दिसते आणि दुसऱ्या बाजूला दोन रंगांचे ठिपके एकमेकांत घुसलेले दिसतात. जवळून काढलेल्या फोटोत हे ठिपके दिसले तर स्कार्फ त्या वेळी उलटा पडलेला आहे. पट्ट्यांचा क्रम कोणत्या टोकापासून वाचायचा याचा अंदाज घेताना ही खूण फार उपयोगी पडते.

लांबीवर मात्र विसंबू नये. सुलट टाक्यांची वीण स्वतःच्या वजनाने उभी ताणली जाते, म्हणून तोच स्कार्फ वर्षभराने लांब आणि अरुंद दिसू शकतो. लांबीचे जे आकडे सांगितले जातात ते एकमेकांशी जुळत नाहीत याचे एक कारण हेच आहे.

एकाच पोशाखाचा रंग एका प्रसंगात गडद आणि दुसऱ्यात भडक का दिसतो?

त्या काळी बीबीसीत स्टुडिओतील प्रसंग व्हिडिओ टेपवर आणि बाहेरचे प्रसंग बहुधा 16 मिलिमीटर फिल्मवर घेतले जात. दोन्ही माध्यमे रंग वेगळे दाखवतात, त्यामुळे दार उघडून बाहेर पडताच मरून जाकीट तपकिरीकडे झुकल्यासारखे वाटते. ‘रोबोट’ आणि ‘सोन्टारन एक्सपेरिमेंट’ यांचे बाहेरचे चित्रीकरणही व्हिडिओवर झाले, म्हणून त्यांत हा फरक जाणवत नाही. ‘रिव्हेंज ऑफ द सायबरमेन’मधील वूकी होल येथील गुहांचे प्रसंग फिल्मवर आहेत, म्हणून त्यात जाणवतो. केवळ रंगछटेवरून ‘कोट बदलला’ असे कोणी म्हणत असेल तर ते मान्य करू नये. कॉलरचा आकार, खिशांची जागा आणि बटणांची संख्या पाहावी.

‘टेरर ऑफ द झायगॉन्स’च्या फोटोत स्कार्फ दुसऱ्याच माणसाच्या गळ्यात आहे. तो कोण?

हा फोटो नीट उलगडण्यासारखा आहे. त्यात टॉम बेकर यांच्या डोक्यावर टॅम-ओ-शँटर ही गोंड्याची स्कॉटिश टोपी आणि गळ्यात चौकडीचा टार्टन स्कार्फ आहे. नेहमीची तपकिरी हॅट शेजारच्या तरुणीच्या डोक्यावर, आणि पट्ट्यांचा स्कार्फ शेजारच्या तरुणाच्या गळ्यात. प्रथमदर्शनी हा सेटवरच्या मोकळ्या वेळेतला गमतीचा फोटो वाटतो आणि अनेक ठिकाणी त्याखाली तसेच लिहिलेले असते.

प्रत्यक्षात पहिल्या भागातील आगमनाचा हा प्रसंगच आहे. कथा स्कॉटलंडमध्ये घडते, म्हणून डॉक्टरने स्थानिक वेश केला आणि आपली हॅट सारा जेन स्मिथ या सहप्रवासीला व स्कार्फ हॅरी सलिव्हन या सहप्रवाशाला दिला. तरुणी म्हणजे एलिझाबेथ स्लेडन, तरुण म्हणजे इयन मार्टर. चित्रीकरण स्कॉटलंडमध्ये नव्हे, तर इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समध्ये 1975 च्या वसंतात झाले, आणि प्रक्षेपण 30 ऑगस्टपासून तेराव्या पर्वाची पहिली कथा म्हणून. चित्रीकरण मात्र बाराव्या पर्वाच्या कामाला लागूनच झाले, म्हणून हॅरीच्या गळ्यातील स्कार्फची तुलना ‘जेनेसिस’मधील स्कार्फशी करावी.

याच कथेत आणखी एक पेच आहे. दुसऱ्या भागात गवताच्या कोठारात साराच्या अंगावर धावून जाणारा हॅरी हा हॅरी नाही. त्याचे रूप घेतलेला झायगॉन, म्हणजे एक परग्रहवासी आहे. नट तोच, पात्र वेगळे. म्हणून ‘कोणी घातले’ या प्रश्नाचे उत्तर देताना पात्र आणि नट दोन्ही सांगावेत, आणि गरज पडल्यास तिसरा माणूसही.

तिसरा माणूस म्हणजे कोण?

नटाच्या जागी धोक्याचे प्रसंग करणारा बदली कलाकार. ‘सोन्टारन एक्सपेरिमेंट’च्या चित्रीकरणात डार्टमूरवर घसरून बेकर यांचे गळपट्टीचे हाड मोडले. त्यानंतरच्या प्रसंगांत दुखापतीवरचा पट्टा स्कार्फ आणि कोटाखाली झाकला गेला, आणि स्टायर या सोन्टारन जातीच्या परग्रहवासीशी झालेल्या मारामारीत डॉक्टरच्या वेशात टेरी वॉल्श आहेत. त्या प्रसंगातील लांबून घेतलेले फोटो बेकर यांचे म्हणून दिले जातात, ते बरोबर नाही. माझ्या मते या नोंदीत वॉल्श यांचे नाव आलेच पाहिजे. ते काम त्यांनी केले आहे.

कपड्यावरूनच तोतया ओळखला जातो, अशी कथा कोणती?

‘द अँड्रॉइड इन्व्हेजन’, प्रक्षेपण नोव्हेंबर-डिसेंबर 1975. दुसऱ्या भागाच्या अखेरीस डॉक्टरला कळते की समोरची सारा यंत्रमानव आहे. एक कारण असे की खऱ्या साराला न आवडणारे जिंजर पॉप ती निमूटपणे पिते. दुसरे असे की खऱ्या साराच्या गळ्यात त्या वेळी नसलेला स्कार्फ या साराच्या गळ्यात आहे. त्यामुळे या कथेतील साराचे फोटो लावताना गळ्यातील स्कार्फ ही आधी पाहण्याची गोष्ट आहे.

‘मेग्लोस’ (1980) मध्ये असा धागा मिळत नाही. निवडुंगासारखा दिसणारा मेग्लोस डॉक्टरचे रूप आणि वेश हुबेहूब घेतो, दोन्ही भूमिका बेकर यांच्याच आहेत. त्याने धारण केलेला मानवी देह प्रतिकार करू लागला की चेहऱ्यावर हिरवी छटा आणि काटे दिसतात. ते दिसत नसतील तर केवळ कपड्यांवरून निर्णय देता येत नाही, संवाद ऐकावा लागतो.

सारा, लीला आणि रोमाना यांच्या पोशाखांविषयी सर्वाधिक विचारले जाणारे प्रसंग कोणते?

‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ (1975) मधील साराचा जुन्या धाटणीचा झगा तिला टार्डिसमधील कपड्यांत सापडतो, आणि तो पूर्वीची सहप्रवासी व्हिक्टोरिया हिचा असल्याचे डॉक्टर सांगतो. याच कथेत बँडेजांत गुंडाळलेली ममी म्हणून वावरणारा डॉक्टरच आहे. साराची तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची डंगरी ‘द हँड ऑफ फिअर’ (1976) मधील आहे. ती मालिका सोडते तो निरोपाचा प्रसंग याच कथेचा.

लीला हे पात्र लुईझ जेमसन यांनी 1977 च्या आरंभी ‘द फेस ऑफ ईव्हिल’मध्ये साकारले आणि तिचा कातड्याचा पोशाख जॉन ब्लूमफील्ड यांचा. तिच्या बाबतीत वस्त्रांपेक्षा डोळे अधिक सांगतात. जेमसन यांचे निळे डोळे तपकिरी दिसावेत म्हणून त्यांना रंगीत काँटॅक्ट लेन्स लावाव्या लागत. त्या लेन्सचा त्यांना त्रास होत असे, म्हणून ‘हॉरर ऑफ फँग रॉक’च्या अखेरीस प्रखर झोतामुळे लीलाचे डोळे निळे झाल्याचे दाखवून लेन्स काढल्या गेल्या. दीपगृहाच्या त्या कथेच्या आधीच्या, फेब्रुवारी ते एप्रिल 1977 मधील ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’मध्ये लीला व्हिक्टोरियन कपड्यांत आहे, आणि डॉक्टर दोन्ही बाजूंना झापा असलेली डिअरस्टॉकर टोपी व खांद्यावरच्या झुलीचा कोट घालून लंडनमध्ये फिरतो. रंगीत स्कार्फ नसलेल्या चौथ्या डॉक्टरचे जे फोटो दिसतात, त्यांतील बरेच याच कथेतील असतात.

रोमानाने डॉक्टरचाच पोशाख घातला होता का, हा प्रश्न ‘डेस्टिनी ऑफ द डॅलेक्स’ (1979) च्या पहिल्या प्रसंगामुळे येतो, आणि उत्तर दुहेरी आहे. नवे रूप निवडताना ती एकदा खरोखर डॉक्टरचा कोट, हॅट आणि स्कार्फ घालून, चेहरा झाकून येते. नंतर ती ज्या वेशात पूर्ण कथाभर वावरते तो वेशभूषाकार जून हडसन यांनी डॉक्टरच्या वेशावरून बेतलेला गुलाबी कोट आणि लांब पांढरा स्कार्फ आहे. तो डॉक्टरचा नाही. पॅरिसमध्ये चित्रित झालेल्या ‘सिटी ऑफ डेथ’मधील शाळकरी मुलीचा गणवेश मात्र वेगळ्या वेशभूषाकाराचा आहे, डोरीन जेम्स यांचा.

गर्द लाल स्कार्फ केव्हापासून आला?

अठराव्या पर्वापासून, म्हणजे 30 ऑगस्ट 1980 च्या ‘द लेझर हाइव्ह’पासून. नवे निर्माते जॉन नेथन-टर्नर यांना डॉक्टरचा वेश एकसारखा आणि ठाशीव हवा होता. जून हडसन यांनी गर्द मरून छटेतील कोट, हॅट आणि जांभळ्या-तांबूस छटांचा जाड, मऊ स्कार्फ केला. शर्टाच्या कॉलरवर प्रश्नचिन्हेही याच वेळी आली. शिवणकाम आणि रंगसंगती म्हणून हा वेश पहिल्यापेक्षा सरस आहे, असे मला वाटते. मात्र हाती लागेल ते अंगावर चढवल्यासारखा जो मोकळेपणा ॲचेसन यांच्या वेशात होता, तो येथे राहिला नाही.

पहिल्याच कथेत हा स्कार्फ डॉक्टरला गोत्यात आणतो: स्टिम्सनचा मृतदेह सापडतो तेव्हा त्याच्या गळ्याभोवती हाच स्कार्फ असतो, आणि खुनाचा आळ डॉक्टरवर येतो.

हा वेश पीटर डेव्हिसन यांच्याही अंगावर दिसतो. 21 मार्च 1981 रोजी ‘लोगोपोलिस’च्या शेवटी डॉक्टर नवा देह घेतो आणि उठून बसणारा पाचवा डॉक्टर जुन्याच कपड्यांत असतो. 4 जानेवारी 1982 पासूनच्या ‘कॅस्ट्रोव्हाल्व्हा’च्या पहिल्या भागात तो टार्डिसच्या मार्गिकांमध्ये वाट चुकू नये म्हणून स्कार्फ उसवून त्याचा दोरा मागे सोडत जातो. उसवलेला स्कार्फ गर्द लाल आहे, सात रंगांचा नव्हे.

मग 1983 च्या ‘द फाइव्ह डॉक्टर्स’मध्ये पुन्हा सात रंगांचा स्कार्फ कसा?

कारण बेकर यांनी त्या विशेष भागासाठी काम केलेच नाही. केम्ब्रिजच्या नदीत होडीत बसलेला चौथा डॉक्टर आणि रोमाना हे दृश्य 1979 मध्ये ‘शाडा’ या कथेसाठी घेतलेले होते. स्टुडिओतील संपामुळे ‘शाडा’ अर्धवट राहिली आणि तिचे चित्रण येथे वापरले गेले. म्हणून प्रक्षेपण 1983 चे असूनही वेश सतराव्या पर्वाचा आहे. प्रसिद्धीसाठी सगळे डॉक्टर एकत्र उभे असलेल्या त्या वेळच्या फोटोत बेकर यांच्या जागी मादाम तुसाँ संग्रहालयातील मेणाचा पुतळा आहे. तेथे ‘पोशाख कोणी घातला’ याचे उत्तर ‘कोणीही नाही’ असेच द्यावे लागते. ‘शाडा’ 2017 मध्ये ॲनिमेशनच्या मदतीने पूर्ण करण्यात आली, तेव्हा शेवटच्या छोट्या प्रसंगासाठी बेकर यांनी पुन्हा हा वेश केला. वयस्कर डॉक्टर आणि सात रंगांचा स्कार्फ एकत्र दिसले तर ते चित्र त्या प्रसंगातले असण्याची शक्यता आधी तपासावी.

मला स्वतःसाठी स्कार्फ विणायचा आहे. काय ठरवून घ्यावे?

आधी पर्व ठरवा, कारण ‘चौथ्या डॉक्टरचा स्कार्फ’ म्हणून जे नमुने मिळतात त्यांत अनेकदा दोन पर्वांचे पट्टे मिसळलेले असतात. पट्टे इंचांत मोजू नका, कण्या मोजा. सुलट विणीतील प्रत्येक कणी म्हणजे दोन ओळी, आणि ताणामुळे इंच बदलले तरी कण्यांची संख्या बदलत नाही. रंग पडद्यावरून निवडताना एकच दृश्य समोर ठेवू नका; शक्य तेवढे स्टुडिओतील आणि बाहेरचे असे दोन्ही प्रसंग पाहा. विणून झाल्यावर स्कार्फ हवा त्यापेक्षा आखूड वाटला तरी लगेच ओळी वाढवू नका. काही दिवस टांगून ठेवला की तो उतरतो, आणि मगच लांबी ठरवावी. टोकांचे गोंडे स्कार्फमधील सातही रंगांच्या लोकरीचे करा.